एनआरओ स्टेटमेंटमधली कुठली जमा परदेशात नेता येते?

प्रश्न: मी दुबईत नोकरीला आहे. सोलापूरच्या बँकेत एनआरई आणि एनआरओ अशी दोन खाती आहेत. यातली कुठली रक्कम इकडे आणता येईल, हे स्टेटमेंटवरून कसं ओळखायचं? व्याजाच्या दाखल्यातला आकडाही स्टेटमेंटशी जुळत नाही.

एनआरईचं स्टेटमेंट बाजूला ठेवा. तिथली मुद्दल आणि व्याज दोन्ही परत नेता येतात, तुम्ही अनिवासी आहात तोवर व्याजावर इथे करही नाही. खरं काम एनआरओचं आहे.

मी सोलापुरात सीएच्या ऑफिसात काम करतो. आखातात असलेल्यांची एनआरओ स्टेटमेंटं आमच्याकडे नेहमी येतात. आम्ही प्रत्येक जमा नोंदीपुढे पेन्सिलीने एकच गोष्ट लिहितो: हा पैसा कशातून आला. पैसा नेता येईल की नाही, हे त्या उगमावरूनच ठरतं.

भाडं, पेन्शन, लाभांश, व्याज हे चालू उत्पन्न. कर भरल्यावर उरलेली रक्कम नेता येते, तिला दहा लाख डॉलरची मर्यादा लागत नाही. प्लॉट विकून आलेले पैसे, वारशाची रक्कम, जुन्या ठेवीची मुद्दल हे भांडवल. ते आर्थिक वर्षात दहा लाख डॉलरपर्यंत नेता येतं, पण खरेदीखत, वारसाचे कागद, कर भरल्याची चलनं असा पुरावा लागतो. ही मर्यादा तुमच्या सगळ्या बँकांची मिळून आहे आणि एनआरओतून एनआरईत वळवलेली रक्कमही तिच्यात मोजतात. तिसरा प्रकार म्हणजे हातउसने किंवा कर्जाचे पैसे. मेव्हण्याने काही दिवसांसाठी तुमच्या एनआरओत टाकलेले पाच लाख परदेशी पाठवता येत नाहीत, कारण ही रक्कम उसनी नाही असं तुम्हाला बँकेला लिहून द्यावं लागतं.

ठेव मुदतीला पोचली की फसगत होते. स्टेटमेंटवर एकच मोठी जमा दिसते आणि लोक ती सगळी व्याजात किंवा सगळी मुद्दलीत धरतात. ठेवीची पावती काढून मुद्दल वेगळी करा, मग ती मुद्दल मूळ कुठून आली ते ठेव काढली त्या दिवसाच्या नोंदीपर्यंत मागे जाऊन बघा. जुळे सोलापुरातला प्लॉट विकून ठेवलेले दहा लाख असतील, तर दुसऱ्यांदा नूतनीकरण झाल्यावरही ते भांडवलच राहतात.

आता दाखल्याचं. समजा एनआरओत दहा लाखांची ठेव १५ मे २०२४ ला सात टक्क्यांनी काढली, व्याज दर तीन महिन्यांनी बचत खात्यात. ऑगस्ट, नोव्हेंबर आणि फेब्रुवारीच्या १५ तारखेला १७,५०० रुपये व्याज पडतं आणि प्रत्येक वेळी ३१.२ टक्के म्हणजे ५,४६० रुपये टीडीएस कापला जातो. काही बँका व्याज आणि टीडीएस वेगळ्या ओळींत दाखवतात, काही थेट १२,०४० जमा दाखवतात. स्टेटमेंटवरून व्याज झालं ५२,५००. दाखल्यात मात्र साधारण ६१,१३० असेल. मधले ८,६३० रुपये १५ फेब्रुवारी ते ३१ मार्चचं साठलेलं व्याज आहे. ते अजून खात्यात आलेलं नाही, पण बँकेने वर्षअखेर म्हणून धरलं आणि त्यावरही सुमारे २,६९३ टीडीएस कापला. म्हणून ३१ मार्चला सोबत व्याज जमा नसताना नुसती टीडीएसची वजावट दिसली, तर घाबरू नका. मे महिन्यात पूर्ण तिमाहीचं व्याज येईल तेव्हा टीडीएस फक्त उरलेल्या भागावर कापला गेला ना, हे मात्र नक्की बघा.

रिटर्न भरताना दाखल्यातला करपूर्व आकडा धरा आणि टीडीएस तुमच्या नावावर कापलेला कर दाखवणाऱ्या फॉर्म २६एएसशी ताडून घ्या. परदेशी पाठवताना मात्र हिशोब प्रत्यक्ष जमा झालेल्या निव्वळ रकमेचा. दुबईचं कर निवासाचं प्रमाणपत्र आणि १०एफ हा फॉर्म बँकेला वेळेत दिला असेल, तर भारत-यूएई कर करारानुसार व्याजावर १२.५ टक्केच कापायला हवेत, तेही तपासा.

भाड्याच्या नोंदीकडे शेवटी पण नीट बघा. होटगी रोडच्या फ्लॅटचं भाडं १२,००० असेल आणि दरमहा पूर्ण १२,०००च जमा होत असतील, तर भाडेकरूने टीडीएस कापलेला नाही. अनिवासी मालकाच्या भाड्यावर कितीही लहान रकमेला तो कापावा लागतो, पण हे बहुतेक भाडेकरूंना ठाऊक नसतं. कापला असता तर खात्यात ८,२५६ आले असते. रक्कम पाठवण्यासाठी सीएचं प्रमाणपत्र घ्याल तेव्हा पहिला प्रश्न याच कराचा येईल. म्हणून भाडेकरूशी आताच बोला आणि मागच्या महिन्यांचा कर कुणी, कधी भरायचा ते ठरवून चलनाची प्रत स्टेटमेंटला लावून ठेवा.