साडेपाचचा फोन

"ताई, बाबा ७३ वर्षांचे आहेत. आई गेल्यापासून, म्हणजे दोन वर्षं, ते माझ्याकडेच असतात. खचू नयेत म्हणून मी त्यांचा आठवडा आखून दिलाय. सकाळी व्यायामाचा वर्ग, मंगळवारी आणि शुक्रवारी स्मरणशक्तीचे खेळ, संध्याकाळी गाण्याचा वर्ग, रविवारी ज्येष्ठांचा गट. सांगितलं की जातात, पण गप्प बसून परत येतात. दादा म्हणतो, 'या वयात माणूस आपणहून अंग काढून घेतो, तेच नैसर्गिक आहे, राहू दे त्यांना.' वाचायला बसले तर खरंच दोन थिअऱ्या निघाल्या, अ‍ॅक्टिव्हिटी थिअरी माझ्या बाजूची आणि डिसएंगेजमेंट थिअरी दादाच्या. पूर्वी साडेपाचला बाबांच्या एका जुन्या सहकाऱ्याचा फोन यायचा, तासभर त्याच त्याच गोष्टी. गाण्याच्या वर्गामुळे तो आपोआप बंद झाला, एवढंच काय ते बरं झालं. मी फार थकलेय. बरोबर कोण, मी की दादा?"

आपोआप नाही बंद झाला. तू बंद केलास.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्याच ओळीपाशी थांबले. वडिलांसाठी तू राबतेस हे दिसतंय, त्याबद्दल मला शंका नाही. पण त्या दोन थिअऱ्यांमध्ये तू आणि तुझा भाऊ जो निकाल शोधताय, तो त्या एका फोनमध्ये होता, आणि तो तू 'बरं झालं' म्हणून बाजूला टाकलास. मला त्याचा राग आला. तो का आला, ते नीट सांगते.

या दोन्ही थिअऱ्या एकाच घरात जन्मल्या. अमेरिकेत शिकागो विद्यापीठाच्या अभ्यासकांनी १९५०च्या दशकात कॅन्सस सिटीतल्या पन्नाशी ते नव्वदीच्या माणसांच्या मुलाखती घेतल्या. त्यातूनच एलेन कमिंग आणि विल्यम हेन्री यांनी १९६१ मध्ये मांडलं की म्हातारपणी माणूस समाजापासून हळूहळू दूर होतो, समाजही त्याला मोकळं करतो, हे दोघांच्या संमतीने होतं आणि ते सगळ्यांच्याच बाबतीत अटळ असतं. तुझा दादा बोलतो ते हेच. त्याच अभ्यासगटातले रॉबर्ट हॅविगहर्स्ट यांचं मत उलट होतं. माणसाच्या गरजा म्हातारपणी फारशा बदलत नाहीत, दूर होतो तो समाज. म्हणून सुटलेल्या कामांच्या आणि नात्यांच्या जागी दुसरं काही धरलं, तर माणूस समाधानी राहतो. ही तुझी बाजू.

दादाच्या बाजूचं आधी उरकते. ही थिअरी जशी मांडली गेली तशी ती टिकली नाही. समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी १९७५ मध्ये तिची मोठी खोट दाखवली: ती कधी खोटी ठरूच शकत नाही. जो अलिप्त झाला तो नियमाप्रमाणे झाला, आणि जो झाला नाही त्याला अलिप्त होणं जमलं नाही म्हणायचं. दादाला विचार, बाबांनी काय केलं तर तो म्हणेल की हे नैसर्गिक नाही? काहीच नसेल, तर त्याच्या वाक्याने बाबांबद्दल काही कळत नाही, फक्त त्याला स्वतःला काही करावं लागत नाही. दुसरं असं की, माणसाने आपणहून हात सोडला की कोणी तो सोडवला, हे लांबून सारखंच दिसतं. बाबांच्या हातातला फोन तू सोडवलास. आता दादा त्यांच्याकडे बघून म्हणतो, बघ, अलिप्त झाले.

आता तुझी बाजू, कारण चूक तिथे जास्त खोल आहे. 'जितकं व्यस्त तितकं बरं' असा तू त्या थिअरीचा अर्थ घेतलास. ती तसं म्हणत नाही. १९७२ मध्ये लेमन, बेंग्टसन आणि पीटरसन या तिघांनी ती पायरी-पायरीने मांडली. वय वाढतं तशा माणसाच्या भूमिका जातात: नोकरी जाते, जोडीदार जातो. भूमिका गेल्या की 'मी कोण' याचं उत्तर डळमळतं. ते उत्तर एकट्याने टिकत नाही, दुसऱ्याने त्याला दुजोरा द्यावा लागतो. लोकांमध्ये राहून काही करण्याचा उपयोग हा, की त्यातून तो दुजोरा मिळतो. दुजोरा मिळाला की माणसाला स्वतःबद्दल बरं वाटतं, आणि त्यातून आयुष्याबद्दलचं समाधान येतं. मधली दुजोऱ्याची पायरी काढून टाकली, तर हातात उरतं ते फक्त वेळापत्रक.

मग त्यांनी हे प्रत्यक्ष तपासलं. निवृत्तांच्या वसाहतीत राहायला येणाऱ्या आणि येऊ पाहणाऱ्या ४००हून अधिक लोकांना विचारलं आणि त्यांच्या दिवसाचे भाग पाडले: मित्र, नातेवाईक, शेजारी यांच्याबरोबरचं अनौपचारिक वागणं, संस्था आणि मंडळांमधला औपचारिक सहभाग, आणि एकट्याने करायच्या गोष्टी. समाधानाशी ठळक नातं निघालं ते एकाच गोष्टीचं, मित्रांबरोबर घालवलेल्या वेळाचं. मंडळांचं नाही, एकट्याच्या छंदांचं नाही. दहा वर्षांनी, १९८२ मध्ये, लाँजिनो आणि कार्ट यांनी हाच अभ्यास पुन्हा केला. तेव्हा जवळच्या माणसांबरोबरचा वेळ पुन्हा समाधानाच्या बाजूने निघाला आणि औपचारिक कार्यक्रमांचं नातं तर उलट्या दिशेचं निघालं.

असे अभ्यास कोणामुळे काय झालं हे सिद्ध करत नाहीत, हे मी लपवणार नाही. आधीच समाधानी असलेल्या माणसालाच मित्र टिकवता येत असतील, किंवा ज्याची तब्येत धड आहे तो भेटीगाठीही घेत असेल आणि खूशही असेल. पण तरी तुझं वेळापत्रक समोर घे. चारही ओळी औपचारिक आहेत. दुजोरा देणारी एकच गोष्ट बाबांच्या आठवड्यात होती आणि तिच्याच वेळेवर तू वर्ग ठेवलास.

त्या 'त्याच त्याच गोष्टीं'चं काय, ते ऐक. गाण्याच्या वर्गात बाबा म्हणजे तिसऱ्या रांगेतले एक आजोबा. त्यांनी तीस-चाळीस वर्षं काय केलं, कोणत्या संकटात कोण त्यांच्या भरवशावर राहिलं, हे तिथे कोणाला ठाऊक नाही आणि कोणी विचारणारही नाही. फोनवरच्या माणसाला ते ठाऊक आहे. 'तो दिवस आठवतो का रे, तू नसतास तर आपण सगळेच बुडालो असतो,' असं तो म्हणतो, हे म्हणतात, 'छे, काहीतरीच काय,' आणि मग सगळा प्रसंग पहिल्यापासून सांगतात. तुला तो प्रसंग पाठ असेल. ते दोघे तो माहितीसाठी सांगत नव्हते. ज्या माणसाला आता कोणी साहेब म्हणत नाही आणि कोणी 'अहो' म्हणून हाक मारत नाही, तो माणूस अजून आहे, एवढं ते एकमेकांना रोज सांगत होते.

आणखी एक अभ्यास सांगते, तो तुझ्या घरासाठीच केल्यासारखा आहे. १९६८ मध्ये मार्जोरी लोवेंथल आणि क्लेटन हेवन यांनी सॅन फ्रान्सिस्कोतल्या साठीच्या पुढच्या लोकांना विचारलं, मनातलं बोलता येईल असं एक तरी माणूस तुम्हाला आहे का? असं माणूस असेल तर बाकीच्या गाठीभेटी कमी होऊनही लोक फारसे खचलेले नव्हते. ते नसेल तर गाठीभेटी वाढूनही उपयोग दिसला नाही. निवृत्ती, जोडीदाराचा मृत्यू, असे धक्के त्या एका माणसाच्या आधाराने सोसले जात होते. मोठ्या शारीरिक आजारात मात्र तो आधार तितका पुरा पडला नाही. आणि पुरुषांना ते माणूस कोण असं विचारलं, तर सगळ्यात जास्त वेळा उत्तर आलं, बायको.

तुझी आई दोन वर्षांपूर्वी गेली. म्हणजे बाबांचं ते एक माणूस बहुधा तेव्हाच गेलं. त्यानंतर जो उरला होता, तो साडेपाचला फोन करायचा.

म्हणून तुझ्या 'मी की दादा'ला माझ्याकडे उत्तर नाही, कारण बाबा दोघांच्याही खात्यात बसत नाहीत. कॅन्सस सिटीतल्याच सत्तरी ओलांडलेल्या लोकांकडे १९६८ मध्ये बर्निस न्यूगार्टन, हॅविगहर्स्ट आणि शेल्डन टोबिन यांनी पुन्हा पाहिलं, तेव्हा त्यांना समाधानी माणसं एका छापाची दिसली नाहीत. काही सुटलेल्या कामांच्या जागी नवी कामं धरून होती. काही खरोखरच शांतपणे मागे सरकली होती आणि त्यातच सुखी होती. आणि काहींनी बरंच सोडून एक-दोन गोष्टी घट्ट धरल्या होत्या. आखून दिलेला आठवडा पहिल्या प्रकारच्या माणसाला मानवेल. दादाचं 'राहू दे' दुसऱ्या प्रकाराला चालेल. तुझे वडील, तू लिहिलंस त्यावरून, मला तिसऱ्या प्रकारातले वाटतात. त्यांनी एक गोष्ट धरली होती. ती काढून घेऊन त्यांना चार देऊन काय होणार होतं?

तेव्हा आजच गाण्याचा वर्ग बंद कर. वेळ बदलू नकोस, दुसरा वर्ग शोधू नकोस, 'आठवड्यातून दोनदा तरी' असली तडजोडही नको. बाबांना समोर बसवून सांग, 'बाबा, तो फोन माझ्यामुळे बंद पडला, चुकलं माझं.' आणि मग तू स्वतः त्या काकांना फोन लाव. बाबा लावणार नाहीत. इतके दिवस उचलला नाही याचा त्यांना संकोच असेल, आणि पलीकडच्या माणसानेही समजून घेतलं असेल की आता याला बोलायचं नाही. काकांचीही तब्येत, घरची माणसं, काहीही बदललेलं असू शकतं. म्हणून उशीर करू नकोस.

बाकीच्या तीन ओळी महिनाभर तशाच राहू देत, त्यांचं काय करायचं ते बाबाच सांगतील. त्या महिन्यात एवढंच बघ की साडेपाच जवळ आले की ते फोनकडे सरकतात का, घड्याळाकडे बघतात का, जेवताना काकांचं काही सांगतात का. आणि फोन सुरू होऊनही ते तो टाळायला लागले, पहाटेच जाग येऊन पडून राहायला लागले, अन्नावरची वासना गेली, तर ते अलिप्त होणं नाही आणि वयही नाही, मग वाट न बघता डॉक्टरांकडे ने. तिथे कानही तपासून घे. वर्गातल्या गलबल्यात ऐकू येत नाही म्हणून गप्प बसणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत, आणि ती घरी कधी सांगत नाहीत.

काका 'हॅलो' म्हणाले की फोन बाबांच्या हातात दे, जाताना दार ओढून घे, आणि तासभर आत जाऊ नकोस.