पंख्यावरचे ५६ रुपये

प्रश्न : बर्डीवर माझं पंखे-कूलरचं दुकान आहे. कार्डाने पैसे दिले तर दोन टक्के जास्त घेतो, तशी पाटीही लावली आहे. एका ग्राहकाने २,८०० च्या पंख्याचे डेबिट कार्डाने २,८५६ दिले आणि नंतर बँकेकडे तक्रार केली. आता बँक मशीन काढून घ्यायचं म्हणते. पाटी असूनही माझं चुकलं का? त्यापेक्षा रोखीवर सूट दिली तर? महिन्याला यूपीआयने साडेतीन लाख, रोख पावणेदोन लाख आणि क्रेडिट कार्डाने साठेक हजार येतात.

उत्तर : चुकलं, आणि पाटीने ते झाकलं जात नाही. डेबिट कार्डाचं शुल्क दुकानदाराने ग्राहकावर टाकू नये, हे पाहण्याची जबाबदारी रिझर्व्ह बँकेने २०१७ च्या परिपत्रकाने बँकांवरच टाकली आहे. म्हणून बँक इतकी कडक झाली. त्यात तुम्ही घेतलेली रक्कमही जास्त. वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या वर असलेल्या दुकानाला डेबिट कार्डावर जास्तीत जास्त ०.९० टक्के लागतात, म्हणजे या पंख्यावर २५ रुपये २० पैसे आणि त्यावर जीएसटी. तुम्ही घेतले ५६. कार्ड रुपेचं असेल तर शुल्क शून्यच.

क्रेडिट कार्डाच्या शुल्काला अशी कमाल मर्यादा नाही. तिथे बँकेशी केलेला करार बघा, जादा आकार न घेण्याचं कलम बहुधा त्यात सापडेल. एखादी वस्तू छापील किमतीलाच विकून वर दोन टक्के लावले, तर वैधमापन खात्याचं प्रकरण वेगळं उभं राहील.

आधी ५६ रुपये त्याच कार्डावर परत करा आणि त्याची पावती जोडून बँकेला लेखी कळवा. पाटी आजच काढा. बिल २,८०० चं आणि मशीनची स्लिप २,८५६ ची असेल, तर ग्राहक आयोगात तुमच्याविरुद्ध तेवढे दोन कागद पुरतील.

रोखीवर सूट देता येते. लावलेली किंमत सगळ्यांना एकच ठेवा आणि सूट बिलातच दाखवा, म्हणजे जीएसटी सूट वजा करून उरलेल्या रकमेवर लागेल. किंमत मुद्दाम फुगवून रोखीवाल्याला जुनाच भाव देणं मात्र नको, त्याला सूट म्हणत नाहीत.

पण हिशेब तर करा! साठ हजारांवर दोन टक्के धरले तरी क्रेडिट कार्डाचा खर्च १,२०० रुपये आणि त्यावर जीएसटी. पावणेदोन लाखांच्या रोखीवर तेवढीच सूट दिली तर ३,५०० जातील. शिवाय आज यूपीआयने देणारे उद्या नोटा काढतील. बँक खात्यातून येणाऱ्या यूपीआयवर तुम्हाला काहीच शुल्क पडत नाही, म्हणजे फुकट येणाऱ्या पैशावर तुम्ही सूट देत बसाल. मी तुमच्या जागी असतो तर कार्डाचा खर्च दुकानभाड्यासारखा सगळ्या मालाच्या भावात, छापील किमतीच्या आत राहून, धरला असता.