८०० ची कुर्ती आणि १०१ चा रिफंड

प्रश्न: कुपन लावून चार कपडे मागवले. २०% सूट होती, डिलिव्हरी फुकट होती. त्यातला १,२०० चा एक शर्ट परत केला तर खात्यात ८६१ च आले. बाकीचे पैसे कुठे गेले? ही फसवणूक नाही का?

उत्तर:

फसवणूक वाटत नाही. १,२०० वर २०% म्हणजे २४० सूट, म्हणजे तो शर्ट तुम्ही मुळात ९६० ला घेतला होता. जे २४० तुम्ही दिलेच नाहीत, ते परत कोण देणार? राहिले ९९. शर्ट गेल्यावर उरलेली ऑर्डर फुकट डिलिव्हरीच्या मर्यादेखाली आली असणार, म्हणून डिलिव्हरीचे ९९ कापले. ९६० वजा ९९, बरोबर ८६१. झाला तुमचा हिशेब.

खरं तर इथेच थांबायला हवं. पण "बाकीचे पैसे कुठे गेले" हे वाक्य मी आमच्या घरात इतक्या वेळा ऐकलंय की लिहिल्याशिवाय राहवत नाही. तुम्ही निदान दुकानाला विचारताय. मला हे माझ्या थोरल्या जावेने, म्हणजे वहिनींनी विचारलं होतं, आणि तेही सासूबाईंसमोर.

मी एका छोट्या ऑनलाइन कपडे विकणाऱ्यांचे हिशेब सांभाळते. त्यामुळे घरात कुणालाही काही मागवायचं असलं की फोन माझ्या हातात येतो. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या आधी एका वेबसाइटवर (आमची नव्हे, दुसरीच) कुपन होतं: ३,००० च्या वर खरेदी केली तर ६०० सूट. डिलिव्हरी २,५०० च्या वर फुकट, नाहीतर ९९. माझा सेट १,४०० चा, सासूबाईंची साडी १,००० ची. २,४०० झाले. वरच्या मजल्यावरून वहिनी म्हणाल्या, "माझी ती ८०० ची कुर्ती पण टाक ना त्यातच." टाकली. ३,२०० झाले, कुपन लागलं, २,६०० भरले. सूट तिघींत किमतीच्या प्रमाणात वाटली. वहिनींच्या वाट्याला १५० आली, त्यांनी मला ६५० पाठवले. माझी २६२ रुपये ५० पैसे, सासूबाईंची १८७ रुपये ५० पैसे. सगळं गोडीगुलाबीत.

कुर्ती दंडात घट्ट झाली. वहिनी म्हणाल्या, परत कर. मी केली. आठवड्याने खात्यात १०१ रुपये आले.

एकशे एक. लग्नातल्या आहेराच्या पाकिटासारखे. मी ते वहिनींना पाठवले आणि त्यांनी विचारलं, "अगं, माझे ५४९ कुठे गेले?" त्या "कुठे" चा सूर असा होता की जणू मी ते पदराला बांधून ठेवले होते.

आता ते कुठे गेले ते सांगते, कारण तुमच्या ८६१ मध्ये आणि आमच्या १०१ मध्ये मोठा फरक आहे.

रिफंड काढायच्या दोन पद्धती आहेत. पहिली पद्धत प्रमाणाची. कुपनची सूट ऑर्डरमधल्या प्रत्येक वस्तूवर तिच्या किमतीप्रमाणे वाटली जाते आणि वस्तू परत आली की तिच्या वाट्याची रक्कम परत मिळते. बहुतेक दुकानांचं सॉफ्टवेअर आपोआप असंच वाटतं, आणि त्याला जीएसटीचंही कारण आहे. बिलातच दाखवलेली सूट वजा करून उरलेल्या रकमेवर कर लागतो (कायद्याचं कलम १५), त्यामुळे बिलात प्रत्येक वस्तूच्या ओळीत सूट वजा जाता किंमत असावी लागते. माल परत आला की त्याच ओळीवर क्रेडिट नोट, म्हणजे तेवढी रक्कम बिलातून कमी करणारा कागद निघतो. मोठ्या साइटवर एकाच ऑर्डरमध्ये तीन वेगळे विक्रेते असतात, तीन वेगळी बिलं असतात, तिथे बहुतेकदा हीच पद्धत दिसते. या पद्धतीने वहिनींना त्यांनी दिलेले ६५० च्या ६५० परत मिळाले असते.

दुसरी पद्धत पुन्हा बिल करण्याची. दुकान म्हणतं, समजा ही वस्तू तुम्ही घेतलीच नसती, तर उरलेल्या वस्तूंचं बिल किती झालं असतं? आमचं उरलं २,४००. ते ३,००० च्या खाली, म्हणून कुपन गेलं. २,५०० च्याही खाली, म्हणून ९९ डिलिव्हरी लागली. नवं बिल २,४९९. आम्ही भरले होते २,६००. परत १०१.

म्हणजे वहिनींचे ५४९ दुकानाने कुर्तीवर कापलेच नव्हते. माझे २६२ रुपये ५० पैसे आणि सासूबाईंचे १८७ रुपये ५० पैसे मिळून ४५० ची सूट, वर ९९ डिलिव्हरी. बेरीज ५४९. पैशापैशाने जुळतं. आमच्या दोघींच्या वस्तू पूर्ण भावाच्या झाल्या आणि त्याची वसुली वहिनींच्या रिफंडातून झाली. हे मी कागदावर मांडून दाखवलं. वहिनी म्हणाल्या, "मग तुम्हा दोघींची सूट गेली, तर ती तुम्ही भरा. माझ्याकडून का?" सासूबाई म्हणाल्या, मला यात घेऊ नका.

माझं मत तेव्हाही हेच होतं आणि आजही हेच आहे: ज्याच्या परतीमुळे मर्यादा मोडली, त्याने भरावं. आम्ही दोघी आमच्या वस्तूंवर खूश होतो, आम्ही काही केलं नव्हतं.

लोक दुकानाला शिव्या देतात, पण मी पलीकडच्या बाजूला बसते म्हणून सांगते. सणाच्या आधी असे ग्राहक दर आठवड्याला येतात, ज्यांना हवा असतो १,२०० चा एक कुर्ता, पण ३,००० वर ६०० सूट अशा कुपनसाठी ते २,००० ची साडी सोबत टाकतात आणि ती पाकीट न फोडता परत पाठवतात. प्रमाणाच्या पद्धतीने त्यांना साडीचे १,६२५ परत मिळतात आणि कुर्ता ९७५ ला पडतो, ज्या किमतीला तो आम्ही कधीच विकला नसता. साडीचं जातानाचं कुरियर आम्ही भरलेलं, येतानाचंही आम्हीच भरायचं. शिवाय पेमेंट गेटवे जे दोन टक्क्यांच्या आसपास कमिशन घेतो, ते रिफंड दिला म्हणून आम्हाला सहसा परत मिळत नाही. कुपन हे मोठ्या बिलावर मिळणाऱ्या नफ्यातून दिलेलं असतं. बिल लहान झालं की तो नफाच उरत नाही. त्यामुळे छोटी दुकानं पुन्हा बिल करतात, तेव्हा ती लुबाडत नसतात.

पण या पद्धतीत एक खोट आहे, हे मला नंतर कळलं, आणि वहिनींच्या बाजूने बोलायचं तर हाच मुद्दा आहे. सगळा फटका पहिल्यांदा परत करणाऱ्यालाच बसतो. कुर्ती गेल्यावर सासूबाईंनीही साडी परत केली असती, तर उरलेलं बिल १,४०० अधिक ९९, म्हणजे १,४९९ झालं असतं. २,४९९ मधून ते वजा केलं की १,००० उरतात. साडीला त्यांनी ८१२ रुपये ५० पैसे दिले होते आणि परत मिळाले असते पूर्ण १,०००! एकाच घरातून एकत्र मागवताना हे वाटप कुणालाच न्यायाचं वाटणार नाही.

म्हणून आमच्याकडे आता नियम आहे. एकत्र ऑर्डर करायची तर आधीच ठरवायचं, परत करणारी तोटा सोसणार. ज्या कपड्याच्या मापाची खात्री नाही, तो कपडा नसतानाही उरलेलं बिल कुपनच्या मर्यादेच्या वर राहतं का ते बघायचं. राहत नसेल तर तो कपडा वेगळ्या ऑर्डरमध्ये. मी हे घरच्या ग्रुपवर लिहून ठेवलंय. वहिनींनी त्यावर होकाराचा अंगठा टाकलेला नाही, पण वाचलंय हे दिसतं.

तुमच्यासाठी: बिल उघडा आणि शर्टाच्या ओळीत सूट वजा जाता किती रक्कम आहे ते बघा. ९६० असेल तर कुपनचा हिशेब प्रमाणात झालाय आणि फक्त ९९ चा प्रश्न उरतो. ते ९९ डिलिव्हरीचे आहेत की परत न्यायला येण्याचा चार्ज आहे, हे रिटर्न पॉलिसीत बघा. तसं तिथे कुठेच लिहिलेलं नसेल तर भांडा.

आणि हो, हे सगळं "माप बसलं नाही", "रंग आवडला नाही" अशा परतीबद्दल आहे. शर्ट फाटका आला असेल किंवा भलताच आला असेल तर माझं वरचं एक अक्षरही मानू नका. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे सदोष किंवा वर्णनाशी न जुळणारा माल परत घ्यायला विक्रेता नाही म्हणू शकत नाही, आणि त्याच्या चुकीसाठी तुमचं कुपन किंवा डिलिव्हरी कापणं मला तरी पटत नाही. आधी दुकानाला लेखी कळवा, ऐकलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. मात्र चांगल्या शर्टावर "सदोष" अशी खूण करून पाठवू नका. आम्ही माल उघडून बघतो.

बँकेच्या कार्डाची सूट असेल तर तीही बहुधा अशीच प्रमाणात वजा होते. हप्त्यांवर घेतलं असेल तर बँकेची प्रोसेसिंग फी सहसा परत येत नाही.

एक गोष्ट राहिली. त्या वेबसाइटवर परतीऐवजी मोठं माप बदलून घ्यायची सोय होती. तसं केलं असतं तर ऑर्डर ३,२०० चीच राहिली असती आणि एक रुपयाही कापला गेला नसता. अगदी कुर्ती तशीच ठेवून घेतली असती तरी ती आम्हाला १०१ रुपयांना पडली असती, कुणाला तरी भेट देऊन टाकता आली असती. आणि परत करताना शेवटच्या पानावर, बटणाच्या अगदी वर, "रिफंडची रक्कम: १०१" असं स्पष्ट लिहिलेलं होतं. मी ते न वाचता दाबलं. हे मी वहिनींना अजून सांगितलेलं नाही.