वांगाची ट्यूब आणि मस्कतची डबी

"चौथा महिना चालू आहे. दोन्ही गालांवर वांग उठलेत. मेडिकलमधून आणलेली ट्यूब तीन आठवडे लावली. काल जाऊबाई म्हणाल्या, गरोदरपणी ती चालत नाही. दिरांनी मस्कतहून आणलेली क्रीमची डबीही आठ दिवस लावून झालीय. बाळाला काही झालं असेल का? आता लावू तरी काय?"

गुहागरकडची ही मुलगी ट्यूब आणि डबी दोन्ही पिशवीत घालून आली होती, ते बरं केलं. "पांढरी ट्यूब, निळं झाकण" अशा वर्णनावरून काहीच कळत नाही.

ट्यूबवर एका ओळीत तीन नावं होती: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन, मोमेटासोन. वांगासाठी हे त्रिकूट सर्रास विकलं जातं. खरं तर हे डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारं औषध आहे. हिला मात्र ते नुसतं "वांगाची ट्यूब द्या" म्हटल्यावर मिळालं होतं. यातलं हायड्रोक्विनोन कातडीतून बऱ्यापैकी रक्तात उतरतं, साधारण एक तृतीयांशाहून जास्त, म्हणून गरोदरपणी ते टाळतात. ट्रेटिनॉइन हे अ जीवनसत्त्वाच्या कुळातलं. याच कुळातली मुरुमांवरची आयसोट्रेटिनॉइनची गोळी पोटात घेतली तर बाळात गंभीर व्यंग येऊ शकतं. चेहऱ्यावर लावलेलं ट्रेटिनॉइन रक्तात फारच थोडं जातं आणि तशा वापराने व्यंगं वाढल्याचं आजवर स्पष्ट दिसलेलं नाही. तरी वांगासारख्या गोष्टीसाठी तेवढीही जोखीम कशाला, म्हणून तेही बंद. मोमेटासोन हे तगडं स्टिरॉइड. ते चेहऱ्यावर बरेच दिवस लावलं की कातडी पातळ होते.

तिला सांगितलं, आजपासून ट्यूब बंद. कधीपासून कधीपर्यंत लावली ते तपासणीच्या कार्डाला चिठ्ठी जोडून लिहायचं आणि पुढच्या तपासणीला दाखवायचं. तीन आठवड्यांच्या पातळ थरामुळे घाबरून काही निर्णय घ्यायची गरज नाही. बंद केल्यावर चेहरा लाल झाला, आग झाली, पुरळ आलं, तर ते स्टिरॉइड सुटल्याचं लक्षण असू शकतं. नेमकी इथेच चूक होते: आग थांबावी म्हणून बायका पुन्हा तीच ट्यूब लावतात. तसं न करता त्वचेच्या डॉक्टरांकडे जायचं.

जास्त काळजी डबीची होती. उत्पादकाचा पत्ता नाही, घटकांची यादी नाही. एका बाजूला बारीक अक्षरांत सूचना तेवढी होती: सोनं, चांदी, अ‍ॅल्युमिनियम यांना क्रीम लागू देऊ नका. चेहऱ्याच्या क्रीमला दागिन्यांची भीती कशाची? पाऱ्याची. पारा या धातूंशी लगेच जुळतो. डबीवर मर्क्युरी, कॅलोमेल किंवा मर्क्युरस क्लोराइड असं छापलेलं असेल तर प्रश्नच मिटला, पण बहुधा ते छापतच नाहीत. म्हणून घटक किंवा पत्ता नसलेली डबी पाऱ्याची समजूनच बाजूला ठेवायची. पारा वारेतून बाळापर्यंत पोचतो, मूत्रपिंडाला आणि मेंदूला त्रास देतो. त्याची वाफ घरातल्या इतरांच्याही श्वासात जाते.

एवढं ऐकल्यावर ती हळूच म्हणाली, "जाऊबाई पण हीच लावतात. त्यांचं पोर अंगावर पितं." ट्यूबबद्दल सावध करणाऱ्या त्याच! मग दोघींनाही सरकारी दवाखान्यात डॉक्टरांकडे पाठवलं. लघवीतला पारा तपासायचा का, ते डॉक्टर ठरवतात. डबी झाकण लावून प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत बांधून न्यायला सांगितली. ती चुलीत टाकायची नाही की मोरीत धुवायची नाही.

आता लावायचं काय? वांग संप्रेरकांमुळे उठतं आणि उन्हाने गडद होतं. ही मुलगी सकाळी खळ्यात मासळी वाळत घालते, म्हणजे ऊन चुकणार नाही. तिला झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइडचं, एसपीएफ 30 किंवा वरचं सनस्क्रीन सांगितलं. लेबलवर आयर्न ऑक्साइडही असेल, म्हणजे त्वचेच्या रंगाचं, तर उत्तम, कारण वांग डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडानेही वाढतं. दोन बोटांवर दोन रेघा काढून तेवढं चेहऱ्याला आणि मानेला लावायचं. आपल्याकडच्या घामात ते टिकत नाही, म्हणून दर दोन तासांनी पुन्हा. वर रुंद काठाची टोपी किंवा पदर.

डाग उजळायला काही हवंच असेल तर डॉक्टरांना विचारून अझेलाइक अ‍ॅसिड, नाहीतर नियासिनामाइड. अझेलाइकने सुरुवातीला थोडं चुरचुरतं. लिंबू चोळायचं नाही; त्यावर ऊन पडलं की कातडी भाजते आणि डाग आणखी काळा पडतो.

नवीन काही घेताना "रेटिन"ने सुरू होणारं नाव दिसलं की परत ठेवायचं: रेटिनॉल, रेटिनिल पाल्मिटेट. तसंच अ‍ॅडापलीन, जे त्याच कुळातलं असून नावावरून कळत नाही. डबीवर "हर्बल" लिहिलेलं असलं तरी मागची यादी वाचायचीच.

वांग बहुतेकींचं बाळंतपणानंतर काही महिन्यांत फिकं होतं, काहींचं पूर्ण जात नाही. उरलंच, तर अंगावर पाजणं संपल्यावर त्वचेच्या डॉक्टरांकडे जाऊन उपाय विचारता येतो.