निबंधात संकल्पना वापरली आहे की नुसती सांगितली आहे?

प्रश्न: समाजशास्त्राच्या निबंधात व्याख्या बरोबर आहे, उदाहरणही आहे. मग संकल्पना लागू केली की नाही, हे तपासताना कसं ओळखायचं?

उदाहरणाच्या परिच्छेदातून संकल्पनेचं नाव खोडून वाचा. काहीच बिघडलं नाही, तर ती नुसती चिकटवलेली आहे.

समजा, विषय संस्कृतीकरण आणि उदाहरण १९५६ चं नागपूरचं धर्मांतर. निबंधात आधी समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवासांची व्याख्या, मग दीक्षाभूमीचं वर्णन, शेवटी ‘हे संस्कृतीकरणच’. इथे मी गुण कापतो. संस्कृतीकरणात जात वरच्यांच्या चालीरीती उचलून त्याच उतरंडीत वर सरकू पाहते. बावीस प्रतिज्ञांनी ती उतरंडच नाकारली. मृत जनावरांचं मांस सोडणं वरवर संस्कृतीकरणासारखं दिसतं, पण इथे ही संकल्पना अपुरी पडते, असं कारणासह लिहिणाऱ्याला मी व्याख्या अडखळली तरी जास्त गुण देतो.