सिल्क आणि सॅटिनचे अभ्रे: केस, त्वचा आणि टिकाऊपणा

प्रश्न: सिल्क किंवा सॅटिनच्या अभ्र्याने केस-त्वचेला खरंच फरक पडतो का? टिकतात का?

उत्तर: केसांचा गुंता नक्की कमी होतो, कुरळ्या केसांना जास्तच, मुरुमं किंवा सुरकुत्या मात्र त्याने जात नाहीत, सकाळी गालावरचे वळ तेवढे हलके दिसतात. मी सांगलीत कापडाच्या दुकानात आहे. स्वस्तातलं सॅटिन बहुतेक वेळा पॉलिस्टर असतं. केस त्यावरूनही घसरतात, पण एप्रिल-मेच्या उकाड्यात मान घामाने चिकटते. रेशीम घ्यायचं तर १९ ते २२ मॉमीचं बघा, मॉमी म्हणजे रेशमी कापडाच्या वजनाचं माप. ते गार पाण्यात सौम्य लिक्विडने हाताने धुवा, पिळू नका, सावलीत वाळवा. एन्झाइमवाल्या पावडरने रेशमाचा धागा विरतो. कानातल्याचा आकडा अडकला तर रेशीम आणि सॅटिन दोन्हींचे धागे ओढले जातात. केसांना तेल चोपडलंय त्या रात्री मात्र सुती अभ्राच घाला, रेशमावरचा तेलाचा डाग सहज निघत नाही.