फायनल राउंडनंतर रिक्रूटर गप्प आहे, आता काय लिहू?

«१२ तारखेला, गुरुवारी, फायनल राउंड झाला. छान झाला असं वाटलं. रिक्रूटर मॅडम म्हणाल्या, पुढच्या आठवड्यात कळवते. बुधवारी मी 'एनी अपडेट?' असा मेसेज टाकला, त्याला उत्तर नाही. आज सोमवार, २३ तारीख. पुन्हा लिहिलं तर मागे लागल्यासारखं वाटेल का? आणि लिहायचं तर नेमकं काय?»

लिहा. आज नको, उद्या किंवा परवा सकाळी लिहा. 'पुढच्या आठवड्यात' ही त्यांनी दिलेली मुदत शुक्रवारी, २० तारखेला संपली. म्हणजे बुधवारचा तुमचा मेसेज मुदतीच्या आतच गेला होता. मुदत उलटून एक-दोन कामाचे दिवस गेले की विचारणं अगदी रास्त असतं. सोमवारी सकाळी रिक्रूटरचा इनबॉक्स शनिवार-रविवारच्या मेल्सनी भरलेला असतो, म्हणून मंगळवार-बुधवार बरा. मुदत दिलीच नसती, तर मी पाच ते सात कामाचे दिवस थांबायला सांगितलं असतं.

मी नऊ वर्षं भरतीचं काम केलं आहे आणि फायनल राउंडनंतर गप्प राहण्याची चूक माझ्याकडूनही झाली आहे. म्हणून त्या बाजूला काय चाललेलं असतं ते आधी सांगते. काय लिहायचं ते त्यावरच ठरतं.

शेवटची मुलाखत संपली की निर्णय झाला असं बाहेरून वाटतं. खरं तर मुलाखत घेणाऱ्या प्रत्येकाने आपला अभिप्राय लिहून द्यायचा असतो आणि त्यातला एखादा हमखास राहून जातो. मग सगळे एकत्र बसून नाव ठरवतात. नाव ठरलं की पगाराच्या आकड्याला वरून मंजुरी लागते, आणि मंजुरी देणारी व्यक्ती रजेवर असली की फाईल तिथेच पडून राहते. कधी ती जागाच काही काळ रोखून धरली जाते. या सगळ्यात रिक्रूटरच्या हातात फारसं काही नसतं, आणि उमेदवाराला सांगण्यासारखंही काही नसतं.

गप्प राहण्याचं आणखी एक कारण असतं, आणि ते सहसा कोणी उघड बोलत नाही. ऑफर पहिल्या पसंतीच्या उमेदवाराला गेलेली असते आणि त्याच्या होकाराची वाट पाहिली जात असते. दुसऱ्या क्रमांकावरच्या उमेदवाराला 'नाही' म्हणता येत नाही, कारण पहिला नाही म्हणाला तर त्यालाच बोलवायचं असतं. 'तुम्ही दुसऱ्या क्रमांकावर आहात' असंही कोणी सांगत नाही. मग रिक्रूटर काहीच बोलत नाही. मी असंच केलं होतं. निकाल लागला की सगळ्यांना एकदमच लिहू, असं मनाशी म्हणायचे आणि दिवस जात राहायचे.

आता तुमचा 'एनी अपडेट?' त्या जागी बसून वाचा. रिक्रूटरकडे एकाच वेळी अनेक पदं असतात. हा मेसेज कोणत्या पदाच्या कोणत्या उमेदवाराचा, हे आधी शोधावं लागतं. ते शोधलं तरी प्रश्नाचं उत्तर 'नाही' एवढंच आहे, आणि नुसतं 'नाही' लिहून पाठवणं बरं दिसत नाही. म्हणून अपडेट आलं की उत्तर देऊ असं ठरतं. तुम्ही जे मागितलं, ते त्यांच्याकडे नव्हतंच.

म्हणून निर्णय मागू नका. काम कुठवर आलं आणि कधीपर्यंत कळेल, एवढंच विचारा. निर्णय झालेला नसतानाही याचं उत्तर अर्ध्या मिनिटात देता येतं. तुमच्या बाबतीत मी असं लिहीन:

«नमस्कार मॅडम,
अकाउंट्स एक्झिक्युटिव्ह या पदासाठी १२ तारखेला माझा फायनल राउंड झाला. निकाल त्याच्या पुढच्या आठवड्यात कळेल असं आपलं बोलणं झालं होतं. निर्णय अजून व्हायचा असेल तर हरकत नाही. सध्या प्रक्रिया कुठवर आली आहे आणि साधारण कोणत्या तारखेपर्यंत कळेल, एवढं सांगितलंत तर मला पुढचं ठरवता येईल. त्या दिवशी कामाबद्दल जे समजलं त्यावरून इथे काम करण्याची माझी इच्छा वाढलीच आहे. माझ्याकडून काही कागदपत्रं हवी असतील तर कळवा, त्याच दिवशी मिळतील.»

खाली नाव आणि फोन नंबर. पदाचं नाव अर्थातच तुमचं घाला. आजवरचा पत्रव्यवहार इंग्रजीत झाला असेल तर हेच इंग्रजीत लिहा, फक्त वाक्यांचा क्रम हाच ठेवा.

पहिलं वाक्य शोधाशोध वाचवतं. दुसऱ्या वाक्यात 'तुम्ही सांगितलं होतं' असं न लिहिता 'आपलं बोलणं झालं होतं' असं मुद्दाम लिहिलं आहे. मुदतीची आठवण दोन्हींत होते, पण पहिल्यात बोट दाखवल्यासारखं होतं, आणि आधीच अवघडलेला माणूस अशा मेसेजला उत्तर देणं आणखी पुढे ढकलतो. 'हरकत नाही' हे वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. बातमी नसताना लिहायला अवघड वाटतं, तो अवघडलेपणा त्याने जातो. इच्छेबद्दलचं वाक्य एकच ठेवा. तिथे तीन-चार ओळी आपली पात्रता पुन्हा सांगण्यात गेल्या की मेसेज विनवणीसारखा वाचला जातो, आणि मूळचा प्रश्न त्यात हरवतो. त्या राउंडमध्ये कशावर खरोखर बोलणं झालं असेल, तर 'कामाबद्दल' या शब्दाच्या जागी ते नेमकं नाव घाला.

'त्रास देतोय, माफ करा' असं लिहू नका. तुम्ही काही चुकीचं करत नाही आहात. 'मी खूप दिवस वाट पाहतोय' हेही नको. ते खरं असलं तरी त्याला उत्तर काय द्यायचं, हे समोरच्याला कळत नाही.

हे नव्या मेलमध्ये न पाठवता मुलाखतीची वेळ ठरवताना जो मेल आला होता, त्यालाच रिप्लाय करा. तुमचा सगळा इतिहास त्याच धाग्यात खाली असतो आणि विषयाच्या ओळीत पदाचं नावही बहुधा असतंच. बुधवारचा मेसेज फोनवर टाकला असेल तर आता मेलच करा. फोनवरचा मेसेज वाचून राहून जातो. मेल निदान पुढे पाठवता येतो. असा नीट लिहिलेला मेल मी अनेकदा तसाच हायरिंग मॅनेजरकडे पाठवायचे, 'यांना काय कळवू?' एवढं वर लिहून. त्यामुळे माझंही काम पुढे सरकायचं.

दुसरी ऑफर खरोखर हातात असेल तर मात्र वेगळं लिहा आणि स्पष्ट लिहा: «मला दुसरीकडून ऑफर आली आहे आणि २७ तारखेपर्यंत उत्तर द्यायचं आहे. माझी पहिली पसंती तुमच्याकडची जागा आहे, म्हणून त्याआधी काही कळू शकेल का, हे विचारतो आहे.» पसंतीचं वाक्य खरं असेल तरच ठेवा. अशी तारीख समोर आली की मंजुरीसाठी धावपळ करायला रिक्रूटरला कारण मिळतं. नसलेली ऑफर सांगू नका. पगाराचं बोलणं करताना त्या ऑफरचं पत्र मागितलं जाऊ शकतं. आणि तुम्ही दुसऱ्या क्रमांकावर असाल तर 'मग ती ऑफर घ्या, शुभेच्छा' असं उत्तर येतं आणि जागा तिथेच हातची जाते.

या मेललाही उत्तर आलं नाही तर पाच कामाचे दिवस जाऊ द्या. तेवढ्यात मेल परत आला का, रजेवर असल्याचं आपोआप उत्तर आलं का, ते पाहा. रिक्रूटरने नोकरी सोडली आणि तिच्याकडचे उमेदवार कोणाकडेच सोपवले गेले नाहीत, असं होतं. त्यानंतर कामाच्या वेळेत एकदा फोन करा. उचलला नाही तर लागोपाठ करू नका. हायरिंग मॅनेजरला थेट लिहायचं का, हे मला बरेच जण विचारतात. त्यांच्याशी आधी मेलवर तुमचं बोलणं झालं असेल तर रिक्रूटरला सीसीत ठेवून दोन ओळी लिहा. झालं नसेल तर त्यांचा पत्ता शोधून काढून लिहू नका. ते मेल न वाचता पुन्हा रिक्रूटरकडेच पाठवतात, आणि मग तिला वाटतं की आपली तक्रार झाली.

तुमची ही मॅडम कंपनीची नसून कन्सल्टन्सीची असेल, तर कंपनीने जेवढं सांगितलं तेवढंच तिला माहीत असतं. अशा वेळी 'कंपनीशी तुमचं शेवटचं बोलणं कधी झालं?' असं विचारा. तिला ओलांडून कंपनीला लिहू नका. उमेदवार कोणामार्फत आला यावर तिचं मानधन ठरतं, आणि त्या वादात जागा अडकते.

कधी कधी गप्प राहणं मोडतं, पण 'अजून प्रोसेस सुरू आहे' एवढंच उत्तर येतं. त्यावर त्याच दिवशी एक ओळ लिहा: «कळवल्याबद्दल आभार. मग ६ तारखेच्या सुमारास मी पुन्हा विचारलं तर चालेल का?» तारीख तुम्ही सुचवलीत की बहुतेक वेळा 'हो' येतं, आणि पुढचा मेसेज त्यांच्या परवानगीने जातो. त्याच पदाची जाहिरात नव्याने लागलेली दिसली तर त्यावरून निष्कर्ष काढू नका. जाहिराती अनेकदा आपोआप नव्या होतात, आणि एकाच पदाच्या दोन जागाही असतात.

फोननंतरही आठवडाभर शांतताच असेल तर शेवटचा मेल असा:

«नमस्कार मॅडम,
अकाउंट्स एक्झिक्युटिव्ह पदाबद्दल काही कळलं नाही, त्यामुळे सध्या ही जागा पुढे गेली असं समजून मी इतर ठिकाणचं बोलणं पुढे नेतो आहे. पुढे गरज पडली तर या नंबरवर जरूर फोन करा. सगळ्या फेऱ्यांमध्ये दिलेल्या वेळाबद्दल आभार.»

यानंतर लिहायचं थांबा. यात रुसवा येऊ देऊ नका, 'निदान कळवायला हवं होतं' हे मनात असलं तरी. असाच मेल मला एका उमेदवाराकडून आला होता. ती माझ्या यादीत दुसरी होती. पहिल्याने ऑफर स्वीकारली, नोटीस पिरियड काढला आणि रुजू व्हायच्या दिवशी आलाच नाही. त्या दुपारी मी तिचा धागा उघडला, तेव्हा सगळ्यात वर तिचा तो मेल होता, नंबरासकट. मी लगेच फोन लावला. आधी गप्प राहिल्याबद्दल तिची माफी मागितली आणि मग ती अजून मोकळी आहे का, ते विचारलं. ती मोकळी होती, आणि पुढच्या महिन्यात रुजू झाली.